मैत्रिणीने आपल्या मूल वाढवण्यावर बोट ठेवलं तर उत्तर कसं लिहावं

त्या संध्याकाळी आम्ही तिच्याकडे गेलो होतो. निघायची वेळ झाली तशी माझ्या पाच वर्षांच्या मुलाने जमिनीवर अंग टाकलं, भोकाड पसरलं आणि हातातला लाकडी ठोकळा भिरकावला. मी त्याच्या शेजारी बसले, त्याचे हात धरले आणि "फेकू देणार नाही. आणि आपण आता निघतोय," एवढंच दोन-तीनदा म्हणाले. दहाएक मिनिटांनी तो निवळला, मग आम्ही निघालो. रात्री पावणेअकराला मैत्रिणीचा मेसेज आला:

"राग मानू नकोस, पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. तू त्याला फारच डोक्यावर चढवून ठेवलंयस. पाच वर्षांचा मुलगा सगळ्यांसमोर लोळतो आणि तू शेजारी बसून समजूत घालतेस. एक धपाटा घातला असतास तर तिथल्या तिथे गप्प झाला असता. पुढे तुलाच जड जाईल हे. आणि तो ठोकळा माझ्या मुलीला लागता लागता राहिला."

आमची मैत्री पंधरा वर्षांची आहे. अनोळखी माणूस असं बोलला असता तर मी कानाआड केलं असतं. इथे ते चालणार नव्हतं, आणि मान खाली घालून ऐकून घेणंही चालणार नव्हतं, कारण मुलाला मारायचं नाही हा आमच्या घरातला पक्का निर्णय आहे. मी या मेसेजला उत्तर कसं लिहिलं, ते टप्प्याटप्प्याने सांगते. असा मेसेज तुम्हाला पहिल्यांदाच आला असेल, तर ते उपयोगी पडेल.

पहिल्या तासात काय करायचं

उत्तर त्याच रात्री लिहायचं नाही. मेसेज वाचल्याची खूण समोर गेलेली असते, त्यामुळे पूर्ण गप्प बसलो की मैत्रीण त्या गप्पपणाचा अर्थ लावत बसते, आणि तो बहुधा वाईटच लागतो. म्हणून एक ओळ पाठवायची. मी लिहिलं, "वाचलं गं. आत्ता दमलेय, उद्या दुपारी नीट लिहिते." या ओळीत मत नाही, माफी नाही आणि हसरा किंवा रडका चेहराही नाही. त्यात वेळ मात्र आहे, आणि ती पाळायची. दुसऱ्या दिवसाच्या पुढे गेलं की साधं उत्तरही अबोला संपवल्यासारखं वाटू लागतं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट टाळायची: तो मेसेज दुसऱ्या मैत्रिणीला पाठवून "बघ काय लिहिलंय" असं विचारायचं नाही. ती तुमच्याच बाजूने बोलणार, तुमचा राग दुप्पट होणार आणि मूळ मैत्रिणीला हे कधी ना कधी कळणार. नवऱ्याशी किंवा बायकोशी बोलायला हरकत नाही, कारण निर्णय दोघांचा आहे.

मेसेजची वाक्यं सुटी करा

सकाळी मी तो मेसेज कागदावर उतरवला, एका ओळीत एक वाक्य. संपूर्ण मेसेज एका दमात वाचला की तो एकच मोठा आरोप वाटतो. सुटा केला की त्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी दिसतात.

"मुलगा सगळ्यांसमोर लोळतो आणि तू शेजारी बसतेस," हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते खरं आहे आणि त्यावर वाद नाही. "डोक्यावर चढवून ठेवलंयस," हा तिने लावलेला अर्थ. "एक धपाटा घातला असतास तर," हा सल्ला. "पुढे जड जाईल," हे भाकीत. आणि शेवटचं वाक्य, "ठोकळा माझ्या मुलीला लागता लागता राहिला," हे तिचं स्वतःचं दुखणं.

माझ्या अनुभवात टीकेच्या मेसेजमध्ये असं एक वाक्य जवळजवळ नेहमी असतं आणि ते बहुतेक वेळा शेवटी येतं, "आणि" किंवा "शिवाय" म्हणत. आपण त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतो, कारण तोवर "डोक्यावर चढवलंयस"ने आपल्याला भाजलेलं असतं. मेसेज लिहायला लावणारी गोष्ट मात्र बहुधा तीच असते. माझी मैत्रीण त्या दिवशी घाबरली होती. तिच्या लेकीच्या डोक्याजवळून लाकडाचा तुकडा गेला होता आणि मी तिच्या लेकीकडे वळूनही पाहिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष माझ्या मुलाकडे होतं.

ते वाक्य सापडलं की उत्तराचा अर्धा भाग सापडतो. त्याला पूर्ण, बिनशर्त उत्तर द्यायचं. अर्थ, सल्ला आणि भाकीत या तिघांना मिळून एकच ठाम उत्तर पुरतं.

तिचं कितपत बरोबर आहे, ते आधी तपासा

हा टप्पा गाळला की ठामपणाचा हट्ट होतो. मुलाला आपण खरंच डोक्यावर चढवलंय का, हे ओळखायची एक जुनी आणि साधी कसोटी आहे. डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली पालकांच्या तीन तऱ्हा मांडल्या. एका तऱ्हेत हुकूम असतो, माया फारशी दाखवली जात नाही आणि प्रश्न चालत नाहीत. दुसरीत माया असते, पण मर्यादा जवळजवळ नसतात. तिसरीत माया असते, ऐकून घेणं असतं आणि मर्यादाही पाळली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला दुसरी आणि तिसरी तऱ्हा सारखीच दिसते, कारण दोन्हींत पालक ओरडत नाही. फरक कळायला एकच प्रश्न पुरतो: रडण्यामुळे मर्यादा हलली का?

आम्ही "निघतोय" म्हणालो होतो आणि निघालो. रडला म्हणून आणखी अर्धा तास थांबलो नाही, गप्प व्हावा म्हणून हातात फोन दिला नाही. म्हणजे डोक्यावर चढवल्याचा अर्थ चुकीचा होता. रडणं दहा मिनिटं चाललं, हे लाड केल्याचं लक्षण नव्हे. या वयात राग येतो फार पटकन आणि तो आवरायला मूल अजून शिकत असतं.

पण दोन गोष्टी माझ्या चुकल्या होत्या. निघण्याआधी त्याला काहीच सूचना दिली नव्हती, खेळ ऐन रंगात असताना एकदम उठवलं. आणि त्याने ठोकळा उगारला तेव्हाच ठोकळ्यांचा डबा बाजूला सरकवायला हवा होता. या दोन चुका मी कागदावर लिहिल्या. त्यातली दुसरी तिच्या लेकीशी जोडलेली होती, म्हणून ती उत्तरात घेतली. पहिली माझ्यापाशी ठेवली. सापडलेली प्रत्येक चूक कबूल करत बसायची गरज नाही, नाहीतर उत्तराचा कबुलीजबाब होतो आणि ठाम वाक्य त्यात बुडून जातं.

मारण्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नव्हती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली मुलांना शिस्तीसाठी मारू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. हे माझ्या माहितीसाठी. ते उत्तरात का घातलं नाही, ते आता सांगते.

दोन फसलेले मसुदे

पहिला मसुदा असा झाला होता:

"तुझा मेसेज वाचून खूप वाईट वाटलं. तुला माहीत नाही तो आदल्या रात्री किती कमी झोपला होता. शिवाय सगळे तज्ज्ञ सांगतात की मारल्याने मुलं सुधारत नाहीत, तू थोडं वाचलंस तर कळेल. आणि तुझी लेकही परवा दोन तास हट्ट करत होती, तेव्हा मी काही बोलले नव्हते."

यातलं बहुतेक सगळं खरं होतं, तरी हा मसुदा टाकावाच लागला. झोपेचं कारण सांगितलं की मी तिच्यापुढे खटला लढवायला उभी राहते, आणि मग "कमी झोपला तरी असं वागू द्यायचं का?" हा पुढचा प्रश्न येतोच. प्रत्येक कारण म्हणजे वादाला दिलेला एक नवा धागा. तज्ज्ञांचं नाव घेतलं की दोन मैत्रिणींमधल्या बोलण्यात तिसरं माणूस येऊन बसतं आणि मैत्रीण अडाणी ठरते. तिच्या लेकीचा उल्लेख तर सगळ्यात घातक. आई स्वतःबद्दलचं विसरेल, मुलाबद्दलचं विसरत नाही. आणि ठोकळ्याबद्दल या मसुद्यात एक अक्षर नाही.

दुसरा मसुदा उलट्या बाजूला कलंडला:

"तुझं बरोबरच आहे गं. मी कमीच पडते. बघते, पुढच्या वेळी जरा कडक होईन. सॉरी."

हा पाठवला असता तर त्या दिवशी सगळं गोड झालं असतं. पण "बघते" आणि "जरा कडक होईन" यांचा अर्थ तिने सल्ला मान्य झाला असाच घेतला असता. पुढच्या वेळी मी पुन्हा शेजारी बसले असते आणि तिला वाटलं असतं, ही सांगूनही ऐकत नाही. न पाळायचं वचन देऊन मिळवलेली शांतता पुढच्या भेटीपर्यंतच टिकते. शिवाय "मी कमीच पडते" म्हटलं की आता तिने माझी समजूत काढायची, म्हणजे तिच्या लेकीचा विषय पुन्हा मागे पडला.

जे उत्तर पाठवलं

"अगं, ठोकळ्याचं तू लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या लेकीला लागलं असतं, आणि तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंही नाही. ती चूक माझी. त्याने हात उगारला तेव्हाच मी डबा उचलायला हवा होता. यापुढे आधी तेच करीन. तिला माझ्याकडून विचार, घाबरली होती का.

तुला त्याची काळजी वाटते म्हणून तू बोललीस, हे मला कळतं. मारायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवलंय आणि ते तसंच राहणार आहे. तो चिडतो तेव्हा मी त्याच्याजवळ बसते, पण ठरलेलं बदलत नाही. तसं पुन्हा झालं तर मला माझ्या पद्धतीने करू दे, आणि काही खटकलं तर नंतर दोघीच असताना सांग.

शनिवारी तुझ्या कपाटाचं काम करायचं ठरलंय ना? मी दहाला येते."

आता याची बांधणी बघा. सुरुवात तिच्या लेकीपासून आहे, माझ्या मुलापासून नाही. वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत कळतं की आपलं ऐकलं गेलं, आणि मग पुढची ठाम ओळ ती कमी ताठरपणे वाचते. माफीला शेपूट लावलेली नाही. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यातला "असेल तर" हा शब्द माफी परत घेतो, म्हणून तो ठेवू नका. "ती चूक माझी" इथे वाक्य संपलंय. त्याला जोडून पुढचा परिच्छेद "पण"ने सुरू केला असता तर आधीचं सगळं पुसलं गेलं असतं.

ठाम वाक्य एकच आहे आणि त्यात कारण नाही. "आम्ही दोघांनी ठरवलंय आणि ते तसंच राहणार आहे." इथे "मला वाटतं" लिहिलं असतं तर ते मत झालं असतं, आणि मतावर चर्चा होते. "ठरवलंय" हा निर्णय आहे. एकटीने मूल वाढवत असाल तर "मी ठरवलंय" तेवढंच वजनदार आहे. या वाक्यापाशी हसरा चेहरा टाकायचा मोह होतो. टाकू नका, त्याने वाक्य डळमळतं. ऊब दाखवायला वरचा आणि खालचा परिच्छेद आहे.

त्यानंतरचं "जवळ बसते, पण ठरलेलं बदलत नाही" हे मी बराच विचार करून ठेवलं. ते समर्थनाच्या जवळ जातं. तरी ठेवलं, कारण तिला शेजारी बसणं दिसलं होतं, मर्यादा दिसली नव्हती. एका वाक्यात तेवढं दाखवून द्यायला हरकत नसते. दुसरं वाक्य लिहायला घेतलं की थांबायचं.

विनंतीही नेमकी आहे. "मला समजून घे" असं लिहिलं तर तिने नक्की काय करायचं, हे तिला कळत नाही. "नंतर दोघीच असताना सांग" हे करता येतं. शिवाय त्यात बोलण्याचं दार बंद केलेलं नाही, फक्त बोलायची जागा ठरवली आहे.

आणि शेवट कपाटाचा. "आपली मैत्री अशीच राहो" यापेक्षा शनिवार आणि दहाची वेळ जास्त बोलते. ठरलेलं काहीच नसेल तर खरोखर करायची इच्छा आहे अशी एखादी छोटी गोष्ट लिहा. इच्छा नसेल तर काहीच लिहू नका. नाटकी ऊब लगेच ओळखू येते.

मराठीत ऊब आणि गारठा फार छोट्या अक्षरांत असतो. जिला आपण रोज "अगं" म्हणतो, तिला त्या दिवशी एकदाही "गं" लागला नाही तर तिला ते जाणवतं. "तू" वरून "आपण" किंवा "तुम्ही" वर गेलो तर तो सरळ दुरावा होतो. मित्र असेल तर "अरे"चंही तसंच. नेहमी जसं बोलता तसंच लिहा. नेहमीपेक्षा शुद्ध लिहिलेलं उत्तर रागावलेलं वाटतं. आणि "नेहमी", "कधीच", "तुझं आपलं" हे शब्द शोधून काढा, कारण ते एका प्रसंगाचं पंधरा वर्षांचं भांडण करतात.

पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. जिथे आवाज आपोआप चढतो ते वाक्य बदला, आणि जिथे आवाज बारीक होऊन विनवणीसारखा येतो तेही. माझ्या मसुद्यात आधी "प्लीज मला माझ्या पद्धतीने करू दे" होतं. मोठ्याने वाचल्यावर "प्लीज" काढला.

तिचं उत्तर आल्यावर

तिचं उत्तर तासाभराने आलं: "ठीक आहे. पण मला अजूनही वाटतं तू मऊ आहेस." इथे बहुतेकांचा तोल जातो. इतकं निगुतीने लिहूनही ती तेच म्हणतेय, असं वाटतं. पण तिने मत बदलावं हा आपला हेतूच नव्हता. आपला निर्णय तिला कळावा आणि नातं राहावं, एवढंच हवं होतं. मी लिहिलं, "वाटू दे गं. शनिवारी भेटू." नवं कारण न देता थांबायचं.

ती आणखी पुढे गेली असती, उदाहरणं देऊ लागली असती, तर मी तेच ठाम वाक्य पुन्हा आणि आणखी छोटं करून लिहिलं असतं: "मारायचं नाही, हे ठरलंय." शब्द शक्यतो तेच ठेवायचे. दर वेळी नव्या शब्दांत सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, अजून घासाघीस चालू आहे.

कधी उत्तर असं येतं: "म्हणजे आता मी काही बोलायचंच नाही का?" ही टीका नव्हे, रुसवा आहे, आणि त्याला ठामपणाने उत्तर देणं चूक. "बोल ना. ठोकळ्याचं तू बोललीस म्हणूनच मला कळलं. फक्त मारायचा सल्ला नको," एवढं पुरे. आणि दोन फेऱ्यांनंतरही लिहिणं थांबत नसेल तर फोन करा. लिहिलेल्या शब्दांत आवाज नसतो, तो वाचणाऱ्याच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीतून येतो.

जिथे ही रीत लावायची नाही

मैत्रिणीने धोक्याची गोष्ट दाखवली असेल, म्हणजे मूल खिडकीच्या कठड्यावर चढत होतं, किंवा रागाच्या भरात तुम्हीच त्याला जोराने ओढलंत, तर ठाम राहायचं काही कारण नाही. "बरं झालं सांगितलंस, आजच बघते" लिहायचं आणि खरंच बघायचं. मुलाचं बोलणं, ऐकणं किंवा इतर मुलांत मिसळणं यांबद्दल तिने काही सुचवलं असेल तर ती पद्धतीवरची टीका नसते, निरीक्षण असतं. ते झोंबतं, पण त्याचा निवाडा मेसेजमध्ये होत नाही. बालरोगतज्ज्ञाला दाखवून यायचं. तीच गोष्ट एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन-तीन माणसांनी सांगितली असेल, तर ती आणखी गंभीरपणे घ्यायची.

आणि टीका तोंडावर, मुलाच्या समोर झाली तर वरच्या सगळ्या मांडणीला वेळच नसतो. तेव्हा मैत्रिणीला एकच वाक्य, साध्या आवाजात: "यावर आपण नंतर बोलू." मग लगेच मुलाकडे वळायचं आणि जे करत होतो तेच पुढे चालू ठेवायचं. त्या क्षणी तिला दाखवायला म्हणून मुलावर आवाज चढवला तर ते मुलाला कळतं. मी एकदा तसं केलं आहे, दुसऱ्या एका घरी, आणि परत येताना त्याने मला विचारलं, "तू माझ्यावर चिडलेलीस की मावशीवर?" त्याला खरं उत्तर दिलं: मला मावशीचं बोलणं लागलं होतं आणि ओरडले तुझ्यावर, ते चुकलं. मूल घरी येऊन असं काही विचारत नसेल, तरी त्याने काय ऐकलं ते रात्री झोपताना आपणच विचारावं. "ती म्हणाली मी वाईट आहे" असं तो म्हणाला, तर मैत्रिणीला वाईट ठरवायचं नाही. "तिला तुझं ठोकळा फेकणं आवडलं नाही. मलाही नाही आवडलं. तू मला आवडतोस," एवढं सांगायचं आणि दिवा मालवायचा.